थांबलेला घोडा आणि उधळलेला घोडा: दोन नाइट्समधून दोन स्थळं कशी वाचायची

प्रश्न: मैत्रिणीसाठी टॅरो रीडिंग केलं. तिच्यासमोर दोन मुलं आहेत. पहिला ओळखीतला, पाच महिने नियमित भेटतो, पण लग्नाचा विषय काढत नाही. दुसऱ्याची ओळख मॅट्रिमनी साइटवर झाली, तीन आठवडे झालेत आणि तो आत्ताच होकार मागतोय. मधलं कार्ड तिचं, टू ऑफ स्वोर्ड्स. डावीकडे पहिल्यासाठी नाइट ऑफ पेंटॅकल्स, सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, फोर ऑफ कप्स. उजवीकडे दुसऱ्यासाठी नाइट ऑफ स्वोर्ड्स, एट ऑफ वाँड्स, टेम्परन्स. सगळी सरळ. प्रत्येक ओळीत स्थानं अशी: त्याचा स्वभाव, सध्या काय चाललंय, पुढचे तीन महिने. पुस्तकात पहिला भरवशाचा आणि दुसरा उतावळा असं आहे, म्हणून मी तिला पहिल्याला हो म्हणायला सांगणार होते. बरोबर ना?

उत्तर:

अजून सांगू नका. पुस्तकातला अर्थ चुकीचा नाही, पण तो फक्त पहिल्या पत्त्यापुरता आहे. तुमच्या स्प्रेडमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या मांडणीत, भरवशाच्या मुलाची ओळ फोर ऑफ कप्सवर जाऊन थांबते आणि उतावळ्याची ओळ टेम्परन्सवर. म्हणजे शेवटचे पत्ते सुरुवातीच्या पत्त्यांच्या उलट दिशेला बोलतायत. अशा वेळी नुसत्या नाइट्सवरून निवड सांगितली तर बाकीचे पाच पत्ते काढलेच कशाला, असं होतं.

आधी नाइट ऑफ पेंटॅकल्स नीट बघू. तुमचा डेक रायडर-वेट असेल असं धरून चालतो, कारण हा सगळा अर्थ त्याच चित्रांवर उभा आहे. १९०९ साली लंडनमध्ये हा डेक निघाला आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी त्याची चित्रं काढली. चार नाइट्सपैकी एकाचाच घोडा पूर्ण थांबलेला आहे, तो हा. घोडा काळा, जाड हाडाचा, शर्यतीचा नव्हे तर ओझं ओढणाऱ्या जातीचा. चारही पाय जमिनीवर. मागे नांगरलेलं शेत पसरलंय. स्वाराच्या शिरस्त्राणावर हिरव्या पानांची डहाळी खोवलेली आहे आणि घोड्याच्या डोक्यावरही तशीच. त्याने पेंटॅकल, म्हणजे चांदणी कोरलेलं नाणं, हातावर समोर धरलंय. डेकची कल्पना ज्यांची, त्या वेट यांनी या पत्त्याच्या वर्णनात एक नेमकी गोष्ट नोंदवली आहे: तो आपलं चिन्ह दाखवतो, पण त्यात बघत नाही. नजर त्याच्या पलीकडे आहे.

स्थळाच्या प्रश्नात या नजरेला फार महत्त्व आहे. हा मुलगा हातातल्या गोष्टीकडे डोळे लावून बसलेला नाही, पुढचं शेत मोजतोय. नोकरी पक्की झाली का, घराचा हप्ता किती बसेल, बहिणीचं लग्न आधी की आपलं, असे हिशेब तो मनात करत असतो आणि ते पुरे होईपर्यंत तोंड उघडत नाही. समोरच्या मुलीला मात्र हे हिशेब दिसत नाहीत, तिला फक्त थांबलेला घोडा दिसतो. म्हणून या पत्त्याबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ‘त्याच्या मनात काय आहे तेच कळत नाही’ ही असते.

त्याचा भरवसा मात्र खरा आहे, आणि तो बोलण्यात शोधू नका. सात वाजता येतो म्हटलं की सातला येतो. आईच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट एकदा सांगितली तर पुढच्या वेळी स्वतः विचारतो. भेटीचा दिवस दर आठवड्याला तोच. मेसेज थोडे, पण मध्येच चार दिवस गायब असं होत नाही. पत्ता या मुलाबद्दल बोलत असेल तर अशा बारीक, कंटाळवाण्या सातत्याच्या खुणा सापडायलाच हव्यात. त्या सापडल्या नाहीत तर पत्ता चुकीच्या माणसावर चिकटवला गेलाय असं समजा.

आता याच पत्त्याची दुसरी बाजू. वेट यांनी उलट्या पत्त्याचे अर्थ जडत्व, आळस, साचलेपणा असे दिले आहेत. पत्ता सरळ असताना हे दोष नाहीसे होत नाहीत, झाकलेले राहतात. नांगरणी चालू असताना थांबलेला घोडा आणि नुसता थांबलेला घोडा बाहेरून सारखेच दिसतात. या पत्त्यावर रीडरचं खरं काम एवढंच, की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधायचं. ते नाइटच्या पत्त्यावर लिहिलेलं नसतं, शेजारच्या पत्त्यांवर असतं.

नाइट ऑफ स्वोर्ड्सचं चित्र याच्या अगदी विरुद्ध. पांढरट घोडा चौखूर उधळलाय, ढग फाटलेत, मागची झाडं वाऱ्याने वाकली आहेत, तलवार उगारलेली आहे. घोड्याच्या साजावर पक्षी आणि फुलपाखरं आहेत. तलवारीच्या राजा-राणीच्या आसनावरही फुलपाखरं सापडतात. या मुलाच्या हालचालीला चालना विचारांतून मिळते. एकदा पटलं की पटलं, मग मधल्या पायऱ्या त्याला वेळेचा अपव्यय वाटतात. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणून आपण त्याला मोडीत काढतो, पण पत्त्यात खोटेपणा नाही. खुद्द वेट यांनी या स्वाराची तुलना आर्थर राजाच्या कथांतल्या गॅलाहॅडशी केली आहे, निर्मळ मनाच्या शूराशी. हा मुलगा बहुधा जे बोलतो ते त्या क्षणी खरंच मानतो. दोष असा, की समोरच्याला विचार करायला वेळ लागतो हे त्याच्या हिशेबातच नसतं. ‘विचार करून सांगते’ हे त्याला नकारासारखं ऐकू येतं.

म्हणून दोन्ही नाइट्स शेजारी आले की ‘चांगला मुलगा, वाईट मुलगा’ अशी वाटणी करू नका. नाइट चाल सांगतो. ती चाल कुठे पोचते ते पुढचा पत्ता सांगतो. एकाच्या बाबतीत विचारायचं, की हा थांबलाय तो काही करतोय म्हणून का? दुसऱ्याच्या बाबतीत, की हा धावतोय तो तिच्याकडे, की फक्त धावतोय?

नाइट ऑफ पेंटॅकल्सनंतर थ्री किंवा एट ऑफ पेंटॅकल्स आला तर काम चालू आहे. थ्रीमध्ये कारागीर नकाशा घेऊन आलेल्या दोघांशी बोलतोय, म्हणजे घरच्यांशी बोलणं किंवा बेत ठरवणं. एटमध्ये माणूस एकेक पेंटॅकल ठोकून तयार करतोय, म्हणजे तयारी सुरू आहे, वेळ लागेल. टेन ऑफ पेंटॅकल्स आला तर घर, आजी-आजोबा, वारसा असं सगळं चित्र त्याच्या मनात आहे, आणि त्यात तिची जागा कुठे हे मग विचारायलाच हवं. याउलट फोर ऑफ पेंटॅकल्स म्हणजे घट्ट धरून बसलेला, खर्चायला आणि बदलायला नाखूश. टू ऑफ स्वोर्ड्स म्हणजे त्याचंच ठरलेलं नाही. हँग्ड मॅनमध्ये तो स्वतःच्या मर्जीने लटकलाय, त्याला घाई वाटायला काही कारणच नाही. आणि फोर ऑफ कप्स, जो तुमच्याकडे आलाय, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

नाइट ऑफ स्वोर्ड्सनंतर एस ऑफ स्वोर्ड्स किंवा जस्टिस आला तर घाईमागे स्पष्टपणा आहे, अटी आधीच सांगणारा मुलगा. टू ऑफ कप्स आला तर धावण्याच्या शेवटी दोघं समोरासमोर उभी आहेत, हा चांगला पत्ता. फाइव्ह ऑफ स्वोर्ड्समध्ये एक जण तलवारी गोळा करतोय आणि दोघं मान खाली घालून निघून जातायत. इथे त्याला होकार मिळेल, पण समोरच्याला हरवून. सेव्हन ऑफ स्वोर्ड्सवर थांबा आणि माहिती पडताळायला सांगा: नोकरी, आधीचं लग्न, कर्ज, घराचा पत्ता. ही पडताळणी माणसांनी करायची असते, अजून तीन पत्ते काढून नाही.

एक तांत्रिक गोष्ट इथेच सांगतो, कारण या जोडीत ती फार उपयोगी पडते. पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी आणि स्वोर्ड्स म्हणजे वायू. गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाच्या पद्धतीत पृथ्वी-वायू आणि अग्नी-जल या जोड्या एकमेकींना दुबळं करतात, बाकीच्या जोड्या एकमेकींना आधार देतात. हे दोन नाइट्स एकाच ओळीत अगदी शेजारी पडले तर दोघांचाही जोर कमी धरायचा: संथ मुलगा अजून गप्प होतो, उतावळा अजून अस्वस्थ. मध्ये कप्सचा किंवा वाँड्सचा पत्ता आला तर तो दोघांनाही आधार देतो, कारण जल आणि अग्नी यांचं पृथ्वी आणि वायू दोघांशीही जमतं. तुमच्या मांडणीत ते शेजारी नाहीत, मधे टू ऑफ स्वोर्ड्स आहे. म्हणून ही गणती प्रत्येक ओळीत वेगळी करू.

आता तुमचा स्प्रेड.

मधला पत्ता आधी. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दोन तलवारी छातीशी आडव्या धरून बसली आहे, मागे समुद्र. मैत्रिणीने दोघांनाही दूर ठेवलंय आणि दोघांकडेही नीट बघितलेलं नाही. इथे चित्रांची दिशा बघा. नाइट ऑफ पेंटॅकल्स चित्रात उजवीकडे तोंड करून आहे आणि नाइट ऑफ स्वोर्ड्स डावीकडे. तुम्ही पहिल्याला डावीकडे आणि दुसऱ्याला उजवीकडे ठेवलंत, त्यामुळे दोघांचीही तोंडं मधल्या बाईकडे आहेत. उलट ठेवले असते तर दोघांनीही पाठ फिरवलेली दिसली असती. कोणाची जागा कुठली हे पत्ते पिसण्याआधी ठरवलं होतं तरच या दिशेला अर्थ आहे. नंतर सोयीने ठरवलं असेल तर दिशा सोडून द्या. ठरवलं होतं असं धरलं, तर दोघांचंही लक्ष तिच्याकडे आहे, आणि पट्टी तिने बांधली आहे. मैत्रिणीला आवडो न आवडो, हे तिला सांगायला हवं. नाहीतर सगळं रीडिंग त्या दोन मुलांची तपासणी होऊन बसतं.

पहिल्याची ओळ. नाइट ऑफ पेंटॅकल्स स्वभावाच्या जागी, तिथे पुस्तक बरोबर. सेव्हन ऑफ पेंटॅकल्समध्ये एक तरुण कुदळीवर रेलून झुडपावर आलेल्या पेंटॅकल्सकडे बघतोय. सहा झुडपावर आहेत, एक पायाशी. पाच महिन्यांचं पीक दिसतंय, आणि तो विचार करतोय की काढायचं, की अजून वाढू द्यायचं. आतापर्यंत हे नाइटला साजेसंच आहे. तुम्ही इथेच थांबलात, म्हणून तुम्हाला ‘भरवशाचा’ हे उत्तर मिळालं.

तिसरा पत्ता फोर ऑफ कप्स. झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला मुलगा, समोर गवतावर तीन कप, ढगातून एक हात चौथा कप पुढे करतोय, आणि त्याचं तिकडे लक्षच नाही. नाइट उभा होता. सेव्हनमध्ये रेलला. फोरमध्ये खाली बसला. ओळीतला माणूस क्रमाक्रमाने जमिनीच्या जवळ जातोय, हे पत्ते शेजारी ठेवले की नुसत्या डोळ्यांना दिसतं. तत्त्वांनी बघितलं तर पृथ्वी, पृथ्वी, जल. यात शत्रुत्व नाही, म्हणजे तिच्याबद्दल राग किंवा नावड नाही, भावना आहेत. पण हलवणारं काही नाही. ना अग्नी, ना वायू. तीन महिन्यांत तो स्वतःहून विषय काढेल असं या ओळीत कुठेही दिसत नाही. भेटत राहील, वेळेवर येत राहील, आणि प्रश्न तिथेच राहील. ‘पहिल्याला हो म्हण’ असं तुम्ही सांगणार होता, पण त्याने अजून काही विचारलेलंच नाही. हो म्हणायचं तरी कशाला?

एक गोष्ट त्याच्या बाजूने लक्षात ठेवा. फोर ऑफ कप्समधला कप ढगातून येतोय, म्हणजे त्याला तो दिसलेला नाही. नाकारलेला नाही. आतापर्यंत लग्नाबद्दल तिने जे काही सुचवलं ते इशाऱ्यांत असेल तर ते त्याच्यापर्यंत पोचलंच नसण्याची शक्यता मोठी आहे. नाइट ऑफ पेंटॅकल्सला इशारे कळत नाहीत, नेमकी वाक्यं कळतात.

दुसऱ्याची ओळ. नाइट ऑफ स्वोर्ड्स, मग एट ऑफ वाँड्स. मोकळ्या आकाशात आठ काठ्या तिरक्या उडतायत. या चित्रात एकही माणूस नाही. वायूनंतर अग्नी, दोन्ही एकमेकांना भडकवणारे, म्हणून सध्याचा वेग स्वभावापेक्षाही जास्त आहे. व्यवहारात याचा अर्थ मेसेज, कॉल, व्हॉइस नोट, घरच्यांचे फोन, सगळं एकदम. माणूस नसलेला पत्ता ‘सध्या’च्या जागी आला की एक साधा प्रश्न विचारा: या तीन आठवड्यांत ती दोघं प्रत्यक्ष किती वेळा भेटली? बहुतेक संबंध फोनवरचाच असेल तर ती शब्दांना ओळखते, त्या माणसाला अजून नाही. होकाराची मुदत याच अंतरातून येते, कारण शब्दांना वेळ लागत नाही.

आणि शेवटी टेम्परन्स. एक पाय जमिनीवर, एक पाण्यात, आणि देवदूत एका पात्रातून दुसऱ्यात सावकाश ओततोय. या ओळीत असा पत्ता येणं म्हणजे वेग मोजून ओतता आला तर नातं टिकतं. बरेच रीडर इथे खूश होऊन ‘पुढे सगळं शांत होईल’ असं सांगतात, पण ते घाईचं आहे. टेम्परन्स ही धनू राशीला दिलेली आहे आणि धनू अग्नीची रास. चित्र संयमाचं, तत्त्व अग्नीचं. आधीच्या दोन पत्त्यांशी अग्नीचं जमतं, म्हणजे वेगाला इंधन मिळतच राहणार. ब्रेक त्याच्याकडून आपोआप लागेल असा अर्थ मला यात दिसत नाही. पात्र कुणीतरी हातात घ्यायला हवं, आणि या स्प्रेडमध्ये ते काम मैत्रिणीचं आहे. तिने मुदत बदलून मागितल्यावर तो काय करतो, यावर हा पत्ता खरा की खोटा ते ठरेल.

म्हणून मैत्रिणीला निवड न सांगता दोन चाचण्या सांगा, प्रत्येक नाइटच्या चालीच्या विरुद्ध दिशेची. संथ मुलाला नेमका प्रश्न आणि तारीख द्यायची, उतावळ्याला थांबायला सांगायचं.

पहिल्याशी प्रत्यक्ष भेटून बोलायचं, मेसेजवर नाही. असं काहीसं: ‘पाच महिने आपण भेटतोय. मला लग्नाचा विचार करायचाय आणि माझ्या घरी दुसऱ्या स्थळाचंही चाललंय. तुझ्या मनात आहे का? लगेच उत्तर नको, पण पंधरा दिवसांत हो, नाही, किंवा अमुक कारणासाठी अमुक महिन्यापर्यंत थांब, यापैकी एक सांग.’ तिसरा पर्याय मुद्दाम ठेवायचा, कारण नाइट ऑफ पेंटॅकल्सचं खरं उत्तर बहुधा तेच असतं. ‘मार्चमध्ये कायम होतोय, त्यानंतर घरी बोलतो’ असं उत्तर आलं तर घोडा नांगरणीसाठीच थांबला होता, आणि फोर ऑफ कप्समधल्या हाताकडे त्याने अखेर बघितलं. कारण आणि महिना दोन्ही हवेत. नुसतं ‘थोडा वेळ दे’ हे उत्तर नव्हे. पंधरा दिवसांनी विषयच निघाला नाही तर फोर ऑफ कप्स खरा ठरला. त्याचा भलेपणा त्याने कमी होत नाही, पण तिचं वर्ष त्यात जाऊ शकतं.

दुसऱ्याला सांगायचं: ‘मला आणखी सहा ते आठ आठवडे हवेत. त्यात आपण तीन-चारदा भेटू, एकदा तुझ्या घरी, एकदा माझ्या. त्याआधी होकार-नकार नाही.’ नाइट ऑफ स्वोर्ड्सचा पहिला धक्का वादाचाच असतो: ‘एवढं काय बघायचंय?’ या पहिल्या प्रतिक्रियेवरून निकाल लावू नका, ती त्याच्या चालीचा भाग आहे. दुसरा आठवडा बघा. कुरकुर करून का होईना, भेटीच्या तारखा त्याने स्वतः लावल्या तर टेम्परन्स जागा घेतोय. दर दोन दिवसांनी नवं कारण काढून जुनी मुदत परत आली, ‘आमच्याकडे दुसऱ्या मुली पण बघतायत’ असं ऐकवलं, किंवा तिच्या आई-वडिलांवर थेट दबाव आला, तर पात्र सांडतंय.

इथे रीडरने एक मर्यादा पाळायलाच हवी. उतावळेपणा आणि धाकदपटशा यांत फरक आहे आणि तो फरक पत्त्यांवरून ठरवायचा नाही. नकार दिला तर काही करून घेईन अशी धमकी, फोन तपासणं, लग्नाआधी पैशांची मागणी, ती कुठे आहे यावर सतत पाळत, यापैकी काही ती सांगत असेल तर पत्ते गोळा करा आणि रीडिंग बंद करा. तिच्या घरच्या विश्वासू माणसाला सांगायला लावा. महिला हेल्पलाइनचा 181 हा क्रमांक तिच्याजवळ असू द्या. ‘पत्ता सरळ आहे, मनाने चांगला असेल’ असं अशा वेळी म्हणणं ही गंभीर चूक आहे. उलटंही खरं: नुसता नाइट ऑफ स्वोर्ड्स आला म्हणून मुलगा मारकुटा असेल असं सांगायचा आपल्याला अधिकार नाही. या पत्त्याच्या जुन्या अर्थांत क्रोध, युद्ध, विनाश हे शब्द आहेत, पण सोबत तसे जड पत्ते नसतील तर त्यांचा जोर धरायचा नाही.

या जोडीत आणखी काही चुका हमखास होतात. पेंटॅकल्स म्हणजे पैसा, म्हणून मुलगा श्रीमंत, असं वाचलं जातं. श्रीमंती दाखवायला याच कुळात किंग आणि टेन आहेत. नाइटकडे एकच पेंटॅकल आणि अख्खी नांगरणी बाकी आहे. काळ्या घोड्याला अशुभ मानणारेही भेटतात, त्याला चित्रात काही आधार नाही.

त्याहून महत्त्वाची चूक क्लॅरिफायरची, म्हणजे आलेला पत्ता स्पष्ट करायला काढलेल्या जादा पत्त्याची. फोर ऑफ कप्स आवडला नाही म्हणून अजून एक पत्ता, तोही नको म्हणून आणखी एक, आणि चौथ्या पत्त्यावर टेन ऑफ कप्स आला की ‘बघ, तोच आहे!’ यातून फक्त रीडरचा कल कळतो. नियम पिसण्याआधी ठरवा: प्रत्येक मुलासाठी जास्तीत जास्त एक क्लॅरिफायर, आणि तो कुठल्या पत्त्यासाठी हे मोठ्याने बोलून मगच काढायचा. तुमच्या स्प्रेडला तर एकाचीही गरज नाही, दोन्ही ओळी पुरेशा स्पष्ट आहेत. उलट्या पत्त्यांचंही तसंच. तुम्ही ते वापरता की नाही हे आधी ठरलेलं हवं. वापरत असाल आणि पुढे कधी नाइट ऑफ पेंटॅकल्स उलटा आला तर नेमका प्रश्न विचारायची तीच चाचणी द्या, फक्त मुदत अर्धी करा. नाइट ऑफ स्वोर्ड्स उलटा आला तर वेट यांच्या यादीतला अविचार आणि उधळपट्टी हे अर्थ धरा. तिथे आठवडे वाढवण्याआधी बोलण्यातली माहिती पडताळून घ्यायची.

डेक बदलला तर हा अर्थ तसाच उचलून नेऊ नका. थॉथ डेकमध्ये किंग नाहीच, नाइट हाच दरबारातला सर्वांत वरचा पत्ता. तिथे पेंटॅकल्सना डिस्क्स म्हणतात, आणि तिथला नाइट ऑफ डिस्क्स हा तयार, पिकलेला माणूस म्हणून वाचला जातो, लग्नाचा विचार करणारा तरुण म्हणून नाही. मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये घोडेस्वार आहेत, पण नांगरलेलं शेत आणि वाऱ्याने वाकलेली झाडं नाहीत, त्यामुळे वर मी चित्रातून काढलेली निम्मी कारणं तिथे लागू पडणार नाहीत.

तुमच्या मैत्रिणीचा स्प्रेड लगेच पुन्हा मांडू नका. पंधरा दिवसांनी पहिल्याचं उत्तर येईल किंवा येणार नाही, त्यानंतर मांडा, आणि प्रश्न बदला. ‘दोघांपैकी कोण’ हा प्रश्न आता संपला. पहिल्याने महिना सांगितला असेल तर ‘तोपर्यंत थांबले तर माझ्या वाट्याला काय येईल’ यासाठी तीन पत्ते पुरतील. सांगितला नसेल तर दुसऱ्याबरोबर दोन भेटी झाल्यावर फक्त त्याच्यासाठी तीन पत्ते मांडा, आणि तिचं मधलं कार्ड नव्याने काढा. टू ऑफ स्वोर्ड्स परत आला तर मुलांबद्दल काहीच वाचू नका, त्या दिवशी तिच्याशीच बोला.